कांद्याचा पुरवठा वाढवायला निघालेल्या तज्ज्ञांना खुले पत्र

माननीय अर्थतज्ज्ञ महोदय,

सप्टेंबर संपता संपता कांदा किलोमागे वीसवरून साठ रुपयांवर गेला आणि त्याच रात्री वाहिनीवर बसून आपण निकाल दिलात: "भाव तिप्पट झालाय, शेतकऱ्यांनी पुरवठा वाढवायला हवा. वाढवत नाहीत, म्हणजे साठेबाजी." टाळ्याही मिळाल्या. आता तो पुरवठा वाढवून दाखवायचा मान आपल्यालाच देतो. निफाड तालुक्यातलं माझं एक एकर घ्या.

पुरवठ्याची लवचिकता आपल्याला मी काय शिकवणार! भाव चढल्यामुळे माल शेकडा किती वाढला, त्याला भाव शेकडा किती चढला त्याने भागायचं. भाव 200 टक्के चढला आणि बाजारातली आवक समजा 5 टक्के वाढली, तर लवचिकता 0.025. हे गणित आपल्याला येतं. पण ती 5 टक्क्यांवरच का अडते, हे आपण एकदाही विचारलं नाहीत.

एकरासाठी तीनेक किलो उळं आणा. मिळालं तर. कांद्याचं बी एका हंगामात तयार होत नाही. आधीच्या पिकातले निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डोंगळे येतात, आणि बी हाती येतं एप्रिल-मेमध्ये. म्हणजे आज बाजारात जेवढं उळं आहे, ते गेल्या वर्षी किती डोंगळे लावले त्यावर ठरलेलं आहे. जुनं बी ठेवून भागत नाही, कारण वर्षभरातच त्याची उगवण झपाट्याने घटते. 2020 मध्ये रोपं पावसाने गेली, उळ्यासाठी धावपळ झाली आणि ऑक्टोबरात केंद्राला बियाण्याच्या निर्यातीवरच बंदी घालावी लागली. भाव चढलेला होता, पैसे द्यायला शेतकरी तयार होता, पण बी कुठून आणणार?

समजा, मिळालं. 1 ऑक्टोबरला गादीवाफ्यावर टाकलं, तर रोप लावायला पन्नास दिवस. तोवर सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं असावं आणि विहिरीत पाणी असावं. मग लागवडीला बायकांची टोळी हवी, आणि त्या आठवड्यात सगळ्या गावाला तीच टोळी हवी असते. 20 नोव्हेंबरला लागण झाली तर कांदा पोसायला आणखी साडेतीन ते चार महिने. आपल्या भाषणाला प्रतिसाद म्हणून लावलेला कांदा बाजारात येतो मार्चच्या मध्यावर.

तोपर्यंत काय करायचं? दोनच वाटा आहेत. पहिली, चाळीतला उन्हाळ कांदा काढायची. तो एप्रिलमध्ये भरलेला असतो, सप्टेंबरपर्यंत वजनात घटलेला, काही सडलेला, काही मोड आलेला. शिल्लक राहिलेल्यालाच आपण साठेबाजी म्हणता. हा साठा नसता तर त्या महिन्यांत आपल्या ताटात कांदा आला असता कुठून? पावसाळी लाल कांदा तर चाळीत टिकतच नाही.

दुसरी वाट म्हणजे शेतातला लाल कांदा वेळेआधी उपटायचा. हे खरोखर होतं. गाठ सगळ्यात जास्त भरते ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि नेमके तेच दिवस कापले जातात. आज चार गोण्या जास्त दिसतात, पण त्याच एकरातून एकूण माल कमी निघतो. चढ्या भावाने पुरवठा वाढवायचा सोडून पुढच्या महिन्यातला पुरवठाच खाल्ला.

लांब मुदतीत मात्र आम्ही फार लवचिक असतो, त्याबद्दल आपण निश्चिंत राहा. सप्टेंबरचा भाव पाहून सगळेच उळं टाकतात आणि मार्चमध्ये सगळ्यांचा माल एकदम लिलावाला येतो. भाव पडल्यावर लागण परत जमिनीतून उचलून घेता येत नाही; खर्च होऊन गेलेला असतो. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचा भाव इतका कोसळला की राज्य सरकारला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला सरळ निर्यातबंदी! भाव बघून लावा असं सांगणारे आपण, आणि पीक हाती यायच्या आत तो भाव मोडणारं धोरण. पुढच्या वेळी जादा कांदा लावायची हिंमत शेतकऱ्याने कुठून आणायची, हे त्या चर्चेत कुणी विचारलं नाही. आपणही नाही.

म्हणून एक मागणी आहे. पुन्हा भाव चढला की बोलण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: जुलै-ऑगस्टमध्ये लागण किती एकरांवर झाली, पावसात रोपं किती गेली आणि चाळीत उन्हाळ कांदा किती उरलाय. ही माहिती ऑगस्टअखेरीस तलाठी आणि कृषी सहायकाकडून गोळा होऊ शकते. ती तेव्हाच मागवून आपण वाहिनीवर बसलात, तर सप्टेंबरात आम्हाला दोषी ठरवण्याची वेळ येणार नाही आणि आयात करायची असेल तर सरकारलाही महिनाभर आधी कळेल.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक