घरमालकांस, फोन ठेवल्यानंतरचं पत्र

आदरणीय मालकसाहेब,

तुमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत मी राहतो. फोनवर तुमच्याइतका उदार माणूस मी पाहिलेला नाही. "अहो, आपलंच घर समजा", "करून घ्या, बघू नंतर", "आपल्यात कागद कशाला?" ही तुमची वाक्यं इतकी गोड असतात की कर्ज काढून दुरुस्ती करावीशी वाटते. पण हे औदार्य फोन ठेवला की रेंजबाहेर जातं. म्हणून हल्ली आपलं बोलणं झालं, की अर्ध्या तासात माझा व्हॉट्सॲप मेसेज येतो. त्यावरून "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" असं तुम्ही विचारलंत. माझा विश्वास तुमच्यावर पूर्ण आहे. नाही तो "निम्मे" या शब्दावर.

मागच्या पावसाळ्यात बाथरूमची गळती काढायची होती. गवंड्याने अंदाज दिला सहा हजारांचा. तुम्ही फोनवर म्हणालात, "निम्मे निम्मे करू." फरशी उखडल्यावर आतला पाइपही फुटलेला निघाला आणि बिल झालं नऊ हजार. तुम्ही तीन हजार पाठवलेत, कारण तुमचं निम्मं अंदाजाचं होतं. माझं बिलाचं होतं. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. तरी दीड हजार रुपयांसाठी आपण दोन महिने एकमेकांना "हॅलो"च्या पुढे काही बोललो नाही. कशाचे निम्मे, कितीपर्यंत, आणि काम वाढलं तर कुणाचं, हे तीन प्रश्न फोनवर कुणी विचारत नाही. विचारणं जरा कद्रूपणाचं दिसतं. लिहायला बसलं की मात्र ते आपोआप समोर येतात, कारण रक्कम घातल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

म्हणून गिझरच्या वेळी मी तुम्हाला हे पाठवलं:

"नमस्कार साहेब. आज मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आपलं फोनवर बोलणं झालं. गिझरची टाकी गंजून गळते आहे, दुरुस्त होणार नाही, असं मेकॅनिकने सांगितलं. ठरलं ते असं : १५ लिटरचा नवा गिझर मी घ्यावा, बसवण्याच्या मजुरीसकट खर्च ७,५०० रुपयांच्या आत असावा, पक्कं बिल तुम्हाला पाठवून ती रक्कम जुलैच्या भाड्यातून वळती करावी. खर्च जास्त होणार असेल तर आधी विचारेन. गिझर आणि त्याचं वॉरंटी कार्ड घराबरोबर राहील. माणूस गुरुवारी सकाळी येणार आहे. यात काही वेगळं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. बरोबर असेल तर 'हो' एवढंच लिहा."

यावर तुम्ही जोडलेले हात पाठवलेत. मी बराच वेळ त्या हातांकडे पाहिलं. ते संमतीचे होते, निरोपाचे, की "आता पुरे करा" अशा विनवणीचे? दोन निळ्या खुणांवरून तुम्ही मेसेज उघडलात एवढंच कळतं, तुम्हाला तो पटला हे कळत नाही. "उत्तर आलं नाही तर मान्य समजेन" असं मी एकतर्फी लिहून टाकलं, तरी तुमच्या गप्प बसण्याला कायदा सहसा होकार मानत नाही. म्हणून मी पुन्हा विचारलं, "साहेब, हो ना?" तेव्हा तुमचा व्हॉइस मेसेज आला, "हो हो, घ्या." तो मी जपून ठेवला आहे. त्यात मागून कुकरच्या तीन शिट्ट्याही ऐकू येतात, त्या करारात धरलेल्या नाहीत.

बिल ७,१५० रुपयांचं झालं. भाडं २२,०००. मी १४,८५० रुपये पाठवले आणि पैसे पाठवताना शेऱ्यात लिहिलं, "जुलै भाडं, गिझर वजा". पंधरा दिवसांनी तुम्ही फोन करून म्हणालात, "मी दुरुस्त करा म्हटलं होतं, नवा कुठे म्हटलं?" मी वाद घातला नाही. मंगळवारचा मेसेज तुमच्या व्हॉइस मेसेजसकट पुढे सरकवला. संभाषण इतक्या लवकर आणि इतक्या सौजन्याने याआधी कधी संपलं नव्हतं.

हे सारं मी केवळ स्वतःसाठी करतो असा तुमचा समज आहे. तो दूर करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे "आपल्यात कागद कशाला?" हे वाक्य माझ्या फायद्याचं आहे, साहेब. ते तुम्ही का म्हणता हे मला आजवर कळलेलं नाही.

आता परवाच्या फोनबद्दल. आपले अकरा महिने पुढच्या महिन्यात संपतात. तुम्ही म्हणालात, "भाडं तेच ठेवू, राहा निवांत, करार सवडीने करू." या वेळी मी मेसेज पाठवला, पण तो एवढ्यापुरताच : "भाडं तेच ठेवून नवा करार करायचं ठरलं. नोंदणीसाठी कधी येऊ?" कारण माझ्या मेसेजची ताकद कुठे संपते ते मला ठाऊक आहे. मूळ करार ज्याबद्दल गप्प आहे, तिथे मेसेज उपयोगी पडतो : गिझर, गळती, रंगाचा खर्च, डिपॉझिट कोणत्या तारखेला परत. नोंदणीकृत करारात जे स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे भाडं, मुदत, नोटिशीचा काळ, ते फोनवरच्या बोलण्याने बदलत नाही आणि त्या बोलण्याच्या मेसेजनेही बदलेल अशा भरवशावर राहू नये. त्याला पुन्हा नोंदणीच लागते. मुदत संपल्यावरही मी जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तुम्ही माझ्याकडून दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागू शकता. तेव्हा मी निवांत राहायचं ते नवा करार झाल्यावर.

आणखी एक विनंती. आपल्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय तुम्ही अलीकडे चालू केली आहे. नातवाने केली असेल. ती मी बंद केली आहे आणि महत्त्वाचे मेसेज ईमेलनेही पाठवू लागलो आहे. मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण नुसता स्क्रीनशॉट छापून भागत नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे मूळ चॅट आणि ते ज्यात आहे तो फोन मी सांभाळून ठेवतो. तुम्हीही ठेवा. उद्या खोटं मी बोललो, तर तुमच्याकडेही काही हवं ना?

नोंदणीसाठी शनिवारी सकाळी अकरा वाजता येईन असं काल फोनवर ठरलं. आधार, पॅन आणि दोन साक्षीदार घेऊन येतो. बरोबर असेल तर "हो" लिहा. जोडलेले हात नकोत.

आपला नम्र,
एक भाडेकरू