दीपनगरच्या दशांशसम्राटांस

श्रीमान क्रीडा वार्ताहर महोदय, मुक्काम दीपनगर, यांसी
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मैदानावरून आपण दर रविवारी रात्री जळगावच्या आमच्या डेस्कवर जी बातमी पाठवता, तिच्याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही. पान सोडायला पाऊण तास उरला असताना ती येते आणि आमची झोप उडवते. चहाचे पैसे वाचतात.

परवाचेच वाक्य पाहा. ‘यजमान संघाने १४.३ षटकांत ११८/४ धावा करून ५.७ षटके राखून विजय मिळवला.’ धन्य! षटकात सहाच चेंडू असतात असे आम्ही अडाणी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आपण सातवा टाकून दाखवलात.

आता आमची जुनाट समजूत ऐका. १४.३ म्हणजे चौदा षटके आणि वर तीन चेंडू, एकूण ८७. वीस षटकांचे १२० चेंडू. त्यातून ८७ गेले की ३३ उरतात. म्हणजे पाच षटके तीन चेंडू. आपण मोबाइलवर विसातून १४.३ वजा केलेत. त्या बिचाऱ्याला टिंबापुढे दहापर्यंत मोजायचेच शिकवलेले. त्याचा काय दोष?

सोबत गुणतालिकाही स्वतः मांडून पाठवलीत, हा तर आपल्या मनाचा मोठेपणा. ११८ ला १४.३ ने भागून धावगती ८.२५ काढलीत. तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक, तेव्हा भागायचे साडेचौदाने, येतात ८.१४. पाहुणा संघ १७.४ षटकांत ११७ धावांत सर्वबाद झाला, म्हणून आपण त्यांना १७.४ ने भागून ६.७२ बहाल केलेत. सर्वबाद झालेल्या संघाची षटके पूर्ण वीस धरतात, हा नियम आपल्यापर्यंत पोचू शकला नसावा; ५.८५ हवे होते. यजमानांची निव्वळ धावगती २.२९ होत होती, आपण १.५३ वर आणून ठेवलीत. जिंकूनही त्यांना गर्व होऊ नये, ही आपली दूरदृष्टी.

धावफलकाच्या बाबतीत तर आपण पक्षपात करतच नाही. पहिल्या परिच्छेदात ‘११८/४’, दुसऱ्यात ‘५ बाद ९६’, तिसऱ्यात थेट ऑस्ट्रेलियन थाटात ‘५/९६’. त्यात गोलंदाजाच्या नावापुढे ‘९/४’. हा गडी नऊ धावांत चार बळी घेऊन बसलाय की त्याच्या संघाची ९ बाद ४ अशी गत झाली, हे वाचकाने हेरावे. आम्ही मुकाट ‘४ बाद ११८’ आणि ‘९ धावांत ४ बळी’ असे करून घेतो. रसभंगाबद्दल क्षमस्व.

टिंब जिथे खरोखर दशांशाचे असते, तिथे मात्र आपण ते उदार मनाने सोडून देता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले. आपल्या कौतुकपर लेखात ४५१ च उरले. नेमबाजीच्या अंतिम फेरीत एकेक गोळी दशांशात, फार तर १०.९ पर्यंत मोजतात. पण कोल्हापूरच्या पोराचे चार दशांश दीपनगरला सांडले तर सांडले. शिवाय तीन बातम्यांत ऑलिंपिक, ऑलम्पिक आणि ऑलिम्पिक्स अशा तीन स्पर्धा भरवल्यात, त्याबद्दल आयोजकांच्या वतीने आभार. पुढे कोणी आमच्या जुन्या अंकांत शोध घेतला की त्याला एका स्पर्धेच्या तीन बातम्यांपैकी एकच सापडते, एवढीच काय ती गैरसोय.

काळाच्या बाबतीतही आपण मुक्त आहात. ‘अंतिम सामना उद्या रंगणार आहे,’ हे आपण रविवारी लिहिले. अंक हाती पडला सोमवारी. सामना सोमवारीच झाला आणि एक वाचक मंगळवारी सकाळी लेकराला घेऊन मैदानावर गेला. तिथे एक म्हैस चरत होती, असे त्याने फोनवर सांगितले. बाकी जे सांगितले ते पत्रात घालण्याजोगे नाही. ‘सोमवारी’ लिहिण्यात उद्यापेक्षा दोनच अक्षरे जास्त लागतात, पण आपली बोटे मोलाची.

लांब उडीत ‘५.६ मीटर’ लिहून आपण पहिला क्रमांक कोणाचा, हा प्रश्न शास्त्रीपंडितांवर सोपवलात. ५.०६ की ५.६०? मध्ये चोपन्न सेंटीमीटर आहेत, आणि तेवढ्यात दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे मावतात. मीटरपुढे दोन आकडे, शून्यासकट, एवढे मागणे फार आहे का?

असो. तूर्त एकच विनवणी. आजच्या खो-खोच्या बातमीत कर्णधाराने ‘२.५ मिनिटे संरक्षण’ केल्याचे लिहिले आहे. दोन मिनिटे पाच सेकंद, की अडीच मिनिटे, की २.५० मधले शून्य गाळून दोन मिनिटे पन्नास सेकंद? गुणलेखकाची वही आपल्याच शेजारी असेल, असा भाबडा विश्वास आहे. पान साडेनऊला सुटते. चार वेळा फोन लावला, आपण उचलत नाही आहात.

आपला कृपाभिलाषी,
रात्रपाळीचा उपसंपादक, जळगाव