कशासाठी हवाय?

तहसील कार्यालयात माणूस शिरला की त्याचं पहिलं स्वागत कोण करतं? चौकशीची खिडकी नव्हे. फाटकाबाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा असलेला एजंट.

तो विचारतो, "काय काम आहे, मावशी? कशासाठी हवाय दाखला?" सगळ्या आवारात हा प्रश्न विचारणारा तो एकटाच असतो, आणि त्याचेच तो पैसे घेतो. खिडकीतला माणूस पगार घेतो आणि म्हणतो, "तिकडे."

तिकडे म्हणजे कुठे?

बारावीचे निकाल लागले की दाखल्यांचा हंगाम सुरू होतो आणि हा "तिकडे" दिवसभर ऐकू येतो. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. खेड्यातल्या एका आईला मुलाचा इंजिनीअरिंगचा प्रवेश घ्यायचा आहे. मुलगा ओबीसी, वडील गवंडीकाम करतात. कोणीतरी सांगितलं म्हणून ती खिडकीशी येऊन दोनच शब्द बोलते, "इन्कम पाहिजे."

उत्तर मिळतं, "सेतूत जा." उत्तर चुकीचं नाही. पण ते अपुरं आहे, आणि या अपुरेपणाची किंमत आहे पंधरा दिवस.

सेतू केंद्रात ती रांगेत उभी राहते. नंबर आल्यावर ऑपरेटर विचारतो, "एक वर्षाचा की तीन?" तिला काय माहीत? मागची माणसं कुरकुरायला लागलेली असतात. "एक वर्षाचा द्या," ती म्हणते. अर्ज भरला जातो, पावती मिळते. सेवा हक्काच्या यादीत उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. 10 जूनला दिलेला अर्ज 25 जूनला हातात येतो. कार्यालयाच्या लेखी काम वेळेत झालं!

आणि तिचं काम? ते अजून सुरूच झालेलं नाही.

कारण तिला हवं होतं नॉन क्रीमिलेयर. राखीव जागेसाठी तेच लागतं. ते नसेल तर मुलगा ओबीसी असूनही खुल्या प्रवर्गात मोजला जातो. त्यासाठी आई-वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, मुलाचा जातीचा दाखला लागतो, आणि सही तहसीलदारांची नव्हे, प्रांताधिकाऱ्यांची असते. उत्पन्नाची मुदत संपल्यावर नॉन क्रीमिलेयरची मुदत वेगळी सुरू होते. दोन घड्याळं एकामागून एक चालतात. हे तिला पहिल्या दिवशी कळलं असतं, तर तीन वर्षांचा दाखला आधी काढला असता आणि लगेच पुढचा अर्ज गेला असता. आता तीच रांग पुन्हा.

हे सगळं कशामुळे वाचलं असतं? एका प्रश्नामुळे. "कशासाठी हवाय?"

लोक खिडकीशी येतात तेव्हा त्यांना स्वतःची गरज माहीत असते, कागदाचं नाव माहीत नसतं. नाव त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. शेजारी म्हणाला "डोमिसाईल", भाचा म्हणाला "इन्कम", कॉलेजच्या शिपायानं तिसरंच काही सांगितलं. म्हणून नाव ऐकून दिशा दाखवणं ही चौकशी नव्हेच. मुलाचा प्रवेश आहे, फी-सवलत आहे की निराधार योजनेचं पेन्शन आहे, हे आधी विचारायचं आणि मग कागदाचं नाव आपण सांगायचं. ते नाव ठाऊक असणं हे नागरिकाचं काम नाही. त्यासाठीच तर खिडकी आहे.

दुसरा प्रश्न, "जुना दाखला आहे का?" असेल तर तो नुसता बघायचा नाही, त्यावरची मुदत वाचायची. उत्पन्नावर आधारलेले हे दाखले 31 मार्चला धरून चालतात. घरातल्या पिशवीतून निघालेला दाखला खरा असतो, शिक्क्याचा असतो आणि मुदत संपलेला असतो. हे प्रवेशाच्या टेबलावर कळण्यापेक्षा इथे कळू दे ना!

तिसरा प्रश्न, "कागद दाखवा बघू, ताई." इथे अर्धा मिनिट जातो आणि अर्धा महिना वाचतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ज्ञानदेव, आधारवर ज्ञानेश्वर. गावात दोन्ही नावं एकाच माणसाची, संगणकाच्या लेखी दोन माणसं. गवंड्याकडे ना पगारपत्रक, ना फॉर्म 16. म्हणजे तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आधी आणावा लागणार, तोही तीन वर्षांचा. रांगेत उभं राहण्याआधी हे कोणी सांगितलं तर ती त्याच दिवशी तलाठ्याकडे जाईल. नाही सांगितलं तर दोन तास रांगेत उभी राहील आणि मग तलाठ्याकडे जाईल. तलाठी त्या दिवशी दुसऱ्या सज्ज्यावर असेल.

कागद तपासायचे ते रांगेआधी. रांगेच्या टोकाला तपासले तर रांगेतली निम्मी माणसं व्यर्थ उभी असतात, हे कळायला कोणता प्रशासकीय सुधारणा आयोग लागतो?

आता प्रतिज्ञापत्राकडे येऊ. आवारात शिरताच "स्टॅम्पपेपर घ्या" असं कुणीतरी सांगतंच. उत्पन्न, जात, रहिवास, नॉन क्रीमिलेयर या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क 1 जुलै 2004 पासून माफ आहे. पुढे 2015 साली शासनानं प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती घेण्याचा निर्णयही काढला. माफीला वीस वर्षं उलटली तरी स्टॅम्पपेपर विकला जातोय. का? खिडकीवर "साध्या कागदावर लिहा" हे तीन शब्द कोणी म्हणत नाही म्हणून.

गरीब माणसाचे शंभर-पाचशे रुपये या न बोललेल्या तीन शब्दांपायी जातात. मला याचा राग येतो. तुम्हालाही यावा.

अर्ज भरताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो जवळजवळ कुठेच विचारला जात नाही. "मोबाइल नंबर कुणाचा टाकला?" घाईत ऑपरेटर स्वतःचा नंबर टाकतो, नाहीतर सोबत आलेल्या पुतण्याचा. बाराव्या दिवशी अर्जात त्रुटी निघते. निरोप त्या नंबरवर जातो. पुतण्या पुण्याला, ऑपरेटरच्या फोनवर असे दोनशे निरोप. ती बाई घरी दाखल्याची वाट बघत बसते आणि अर्ज तिच्या उत्तराची वाट बघत पडून राहतो.

आणि पावती. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा थांबून सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा. त्यानुसार अर्जाला क्रमांक असलेली पोच द्यायची, मुदतीत सेवा द्यायची, नाकारायची तर कारणं लेखी द्यायची. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, ते फसलं तर दुसरं, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे.

पण हे सगळं सुरू होतं ते पूर्ण अर्ज स्वीकारला गेल्यापासून. खिडकीतून "कागद अपुरे आहेत, उद्या या" असं तोंडी सांगून परत पाठवलेला माणूस कोणत्याच नोंदीत नाही. त्याला पावती नाही, क्रमांक नाही, म्हणून अपीलही नाही. तो चार वेळा आला तरी कार्यालयाच्या आकड्यांत तो एकदाही आलेला नसतो. मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांची टक्केवारी छान दिसते, कारण परत गेलेली माणसं त्या टक्केवारीत नाहीत.

म्हणून परत पाठवायचंच असेल तर चिठ्ठी देऊन पाठवा. कोणता दाखला, कोणते कागद कमी, ते कुठे मिळतील, पुढे कोणत्या टेबलावर यायचं, एवढंच. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. पाठकोऱ्या कागदाची एक पट्टी पुरते. त्या चिठ्ठीनं दुसऱ्या दिवशी दुसरा कर्मचारी तिसरेच कागद मागू शकत नाही. आणि वाचता न येणाऱ्या माणसाला ती गावात दुसरा कोणीतरी वाचून दाखवतो. तोंडी सांगितलेलं एसटी स्टँडपर्यंतसुद्धा टिकत नाही.

खिडकीतल्या माणसाची बाजूही सांगायला हवी. चौकशीवर बसवतात कोणाला? बहुतेक वेळा नवख्याला, किंवा ज्याचं दुसऱ्या टेबलावर पटत नाही त्याला. नवा शासन निर्णय निघाला की तो अर्ज घेणाऱ्या शाखेत पोचतो, खिडकीत पोचत नाही. सर्व्हर बंद पडला की आतल्यांना कळतं, बाहेर रांग तशीच वाढत राहते आणि शिव्या मात्र खिडकी खाते. ज्याला काही सांगितलेलंच नाही, तो "तिकडे" सोडून दुसरं काय म्हणणार?

तेव्हा कार्यालयातल्या सर्वांत जाणत्या कारकुनाला तिथे बसवा. ज्यानं सेतू पाहिलाय, दाखल्यांची शाखा सांभाळलीय, ज्याला कागदाचा वास येतो अशाला. हंगामाचे दोन महिने तरी. रोज सकाळी त्याला दोन गोष्टी सांगा, सर्व्हर चालू आहे का आणि आज कोण रजेवर आहे. समोर एक खुर्ची ठेवा. "या, बसा" म्हणायला खुर्ची लागते.

जेवणाची सुट्टी? शासनाच्याच आदेशानुसार ती दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान आणि जास्तीत जास्त अर्धा तास. खिडकी तेवढा वेळ दुसऱ्या कोणी सांभाळावी. एसटीच्या वेळेला बांधलेल्या माणसाला "लंच झालाय, अडीचला या" हे वाक्य एका दिवसाच्या मजुरीला पडतं.

कायद्यानं कार्यालयाबाहेर फलक लावायला सांगितला आहे. सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी, अपिलीय अधिकारी, सगळं त्यावर हवं. पुष्कळ ठिकाणी तो लावलेलाही असतो. त्या फलकात आणखी एक ओळ घाला. आज चौकशीच्या खिडकीवर कोण बसलं आहे, त्याचं नाव.