न परतणाऱ्या फीची थोरवी

कोल्हापुरातल्या एका क्रिकेट अकादमीच्या पावतीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय : 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' या करारी बाण्याला आमचा मुजरा.

शेजारच्या पोराने वर्षाचे २४,००० भरले. तीन महिन्यांत गुडघा दुखावला, डॉक्टरांनी खेळ बंद केला. वडिलांनी दाखला जोडून उरलेल्या नऊ महिन्यांचे १८,००० मागितले. सर शांतपणे म्हणाले, "काका, पैसे कशाला? पोराची जागा राखून ठेवलीया की!" त्या जागेवर दुसऱ्याच दिवशी नवा पोरगा पॅड बांधून उभा होता, पण तो किरकोळ तपशील.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात, क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा. सुदैवाने 'कोचिंग'च्या व्याख्येतून खेळ वगळलाय. गणित सोडलं तर पैसे परत, गुडघ्याने सोडलं तर नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र खेळाला असा वगळत नाही. वर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात विनाशुल्क. अशा फुकटच्या सोयींनीच पालक बिघडतात.

खरं तर रंकाळ्यावरच्या भेळवाल्यांनीही वर्षाचे पैसे आगाऊ घ्यावेत. पोट बिघडलं तर तुमची कागदी पुडी राखून ठेवू.

जुलैत मैदानाचं तळं झालं. सरांनी मैदानमालकाकडे न वापरलेल्या दिवसांचं भाडं मागितलं. अर्जाचा मसुदा काकांच्याच अर्जावरून उतरवला होता. घाईत 'गुडघा' तेवढा खोडायचा राहिला.