राम राम, कोण म्हणायचं आपण?

कडा गावच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी ‘राम राम’ घातला, की कप हातात यायच्या आत सवाल येतो, “कोण म्हणायचं आपण?” नुसतं नाव सांगणारा इथं फसतो. “पुढं?” म्हणजे आडनाव काढा. पण एकच आडनाव चार जातींत सापडतं, त्यामुळं समोरच्याचं समाधान होत नाही. मग गाव, गावातली आळी, मामाचं गाव, शेवटी “सोयरे कुठले?” एवढं झाल्यावर मान डोलते. जात विचारली, असं मात्र कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही! शिक्षण, नोकरी सांगण्यात दम घालवू नका. ते स्थळ बघताना विचारतात. घाई असेल तर आडनाव, गाव आणि मामाचं गाव एका दमात सांगून टाका. चहा तरी गरम मिळेल.