एक चमचा, पण कोणता?

आमच्या सोसायटीत एकाही माणसाचं पोट सुरक्षित नाही. तुम्ही लिफ्टमध्ये नुसती जांभई दिलीत, तरी अण्णा विचारतात, "साफ झालं का?" होय म्हणालात तरी सुटका नाही. "मग टिकवायला हवं. रात्री झोपताना कोमट पाण्यातून एक चमचा त्रिफळा." अण्णा हे गेली अकरा वर्षं घेतात आणि अकरा वर्षं सांगतात. औषध बदललं नाही, पेशंटही बदलला नाही आणि पोटाची तक्रारही तशीच आहे.

माझा प्रश्न एवढाच होता: चमचा कोणता?

अण्णांनी माझ्याकडे वरण भात कशाशी खातात असं विचारल्यासारखं पाहिलं. "चमचा म्हणजे चमचा." मी घरी येऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. चहाचा लहान चमचा सपाट भरला, तर हिरडा, बेहडा आणि आवळकाठीचं ते चूर्ण तीन ग्रॅमच्या आसपास भरलं. मग अण्णांकडून त्यांचा चमचा मागून आणला. तो पोहे खायचा निघाला. तोही अण्णांच्या पद्धतीने, म्हणजे शीग लावून, वर बोटाने थापून. अकरा ग्रॅम! मोठ्या माणसाला साधारण तीन ते सहा ग्रॅम देतात. म्हणजे अण्णा रोज रात्री दोन-तीन माणसांचं पोट साफ करत होते, फक्त ती सगळी माणसं एकाच देहात राहत होती.

परिणाम ठरलेला. पहाटे चारला मुरडा, सकाळपर्यंत तीन फेऱ्या, मग दिवसभर "हलकं वाटतंय". हलकं वाटणारच, पाणी निघून गेलंय. मग कुठे लग्नाला जायचं म्हणून दोन दिवस घेणं बंद. रिकामं झालेलं आतडं पुन्हा भरायला दोन दिवस लागतात हे साधं गणित, पण अण्णांचा निष्कर्ष असा की, "बघा, सोडलं की कोंडतं. शरीराला गरज आहे!" म्हणून पुन्हा शीग. एवढ्या भक्कम पुराव्यावर अकरा वर्षं उभी आहेत.

"किती दिवस घ्यायचं?" या प्रश्नाला अण्णांचं उत्तर "आयुष्यभर." बद्धकोष्ठासाठी घ्यायचं तर सपाट चमच्याने सुरू करावं, पोट रुळावर आलं की दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत सोडावं. महिनोन्‌महिने घ्यायचं तर ते वैद्याने नाडी-जीभ पाहून ठरवावं. दोन आठवड्यांत फरक नाही, तर चमचा वाढवायचा नसतो, कारण शोधायचं असतं. पाणी, भाकरी, भाजी, चालणं ही कारणं तपासायला अण्णांना वेळ नाही. त्यांची सकाळ आत जाते.

इथवर मी हसत होतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना लागलाय आणि अण्णांनी तिलाही तोच चमचा सांगितला. गरोदरपणात पोट साफ करणारं औषध मनाने घ्यायचं नाही, हे ज्या गावात अण्णा वाढले तिथल्या सुइणीला माहीत होतं! शिवाय तिला लोहाच्या गोळ्या चालू. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई बनवत. हिरड्यातल्या तुरट द्रव्याचं लोहाशी जमतं ते असं. गोळीबरोबर त्रिफळा घेतला, तर लोह रक्तात कमी जाणार. गरोदर नसलेल्यांनीही दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. जुलाब चालू असलेले, फार अशक्त झालेले, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त उतरू शकते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल आणि वर रोजचे जुलाब, तर पोटॅशियम घटून पाय लटपटतात.

आणि राग खरा याचा की, आमच्या एका नातेवाइकाला पन्नाशीनंतर अचानक बद्धकोष्ठ सुरू झालं, शौचातून रक्त जाऊ लागलं, वजन घटलं. त्यांच्याही इमारतीत एक अण्णा होते. "उष्णता आहे, त्रिफळा घ्या." सहा महिने घेतला. दुर्बिणीची तपासणी व्हायची ती सहा महिने उशिरा झाली. चूर्णाचा यात दोष नाही, ते बिचारं आपलं काम करत होतं. त्यामुळे तर सगळ्यांना वाटत राहिलं की, काहीतरी होतंय.

सोसायटीच्या भल्यासाठी मी अण्णांना चहाचा लहान चमचा भेट दिला. "सपाट भरा," असंही सांगितलं. काल लिफ्टमध्ये भेटले. खूश होते.

"छान आहे हो चमचा," म्हणाले. "चार भरले की बरोबर होतात."