तीन किलो बाप्पा आणि दीड हजार लिटर पाणी

अनंत चतुर्दशीला गणपतीचं काय काम, असा प्रश्न बडनेऱ्यात भर चौकात विचारू नये. जुन्या वस्तीत विचारला तर मंडळाची पोरं बघून घेतील आणि नव्या वस्तीत विचारला तर वर्गणीची पावती दुपटीने फाडतील. पण प्रश्न खरा आहे राजेहो. ही चतुर्दशी मुळात विष्णूची. व्रत अनंताचं, पूजा शेषाची, दोरा चौदा गाठींचा. पार्थिव गणपती चतुर्थीला मातीचा करायचा, पुजायचा आणि पाण्याला परत द्यायचा, एवढंच शास्त्र होतं. कित्येक घरांत तो अजूनही दीड दिवसात उठतो. 1893-94 पासून लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, मुक्काम दहा दिवसांवर गेला आणि निरोपाच्या वाटेवर अनंत आला. आता अनंताच्या वाट्याला कॅलेंडरात नाव आहे. बाकी सगळा रस्ता गणपतीचा.

ज्यांच्या घरी अनंत आहे त्यांना मात्र त्या दिवशी सकाळी मान वर करायला फुरसत नसते. हे व्रत सहसा कोणी हौसेने घेत नाही. कोणी मुद्दाम सांगितलं किंवा दोरा अवचित सापडला तर ते घरात येतं, आणि एकदा आलं की चौदा वर्षं हलत नाही. मग उद्यापन. पुष्कळ घरांत उद्यापनानंतरही पुढची पिढी तो तसाच चालवते. चौरंगावर कलश, कलशावर दर्भाचा सात फण्यांचा शेष, शेजारी यमुना म्हणून पुजलेलं पाणी आणि पुढ्यात कुंकवाने रंगवलेला दोरा. त्याला चौदा गाठी, आणि प्रत्येक गाठीची पूजा वेगळी. नैवेद्याला वडे-घारगे. पूजा झाली की पुरुषाच्या उजव्या दंडावर आणि बाईच्या डाव्या दंडावर तो दोरा चढतो. गेल्या वर्षीचा जुना दोरा उतरतो आणि विसर्जित होतो.

इथे जरा थांबा. दर्भ हे गवत, दोरा सुताचा किंवा रेशमाचा, रंग कुंकवाचा. पूजा संपल्यावर यातली कुठलीही वस्तू विहिरीला किंवा मातीला जड होत नाही. ज्याने हे व्रत बांधलं त्याने वस्तू कुठून आणायची ते सांगितलं, आणि ती शेवटी कुठे जाणार याचीही सोय करून ठेवली. आता बाजारात तयार दोरा मिळतो, लालभडक, जरीचा, प्लास्टिकच्या पाकिटात. त्याचं एक टोक काडीने पेटवून बघा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख पडते. नायलॉन असेल तर वितळून टोकाला टणक मणी होतो. म्हणजे पंधरावी गाठ फुकट.

कहाणीत कौंडिण्य ऋषी हेच करतो, फक्त रागाच्या भरात. बायकोच्या, शीलेच्या, दंडावर दोरा दिसला. याला वाटलं आपल्याला वश करायचा काहीतरी तोडगा आहे. ओढला आणि टाकला विस्तवात. शीलेने धावत जाऊन तो अर्धजळका दोरा काढला आणि दुधात विझवला. त्यानंतर घरची सगळी लक्ष्मी गेली आणि महाराज रानोमाळ अनंताला शोधत निघाले. आंब्याला विचार, गायीला विचार, बैलाला विचार. वाटेत दोन तळी लागली. काठोकाठ भरलेली, पण या तळ्याचं पाणी त्या तळ्यात आणि त्याचं यात. तिसऱ्या कोणाला थेंब नाही. पुढे उलगडा होतो की या दोघी मागच्या जन्मी बहिणी होत्या, दानधर्म करायच्या तो फक्त एकमेकींना.

ही दोन तळी मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. एक म्हणजे चौकात ताडपत्री अंथरून केलेला कृत्रिम हौद. त्याला झेंडूची माळ, वर बल्ब, शेजारी निर्माल्य कलश आणि फोटो काढायला पाहुणे. दुसरं तळं गावाबाहेर. मध्यरात्री हौदातून मूर्ती काढतात, ट्रकवर रचतात आणि कुठल्या तरी जुन्या खदानीच्या पाण्यात उतरवतात. सकाळी हौद रिकामा आणि पर्यावरण वाचलेलं. आपण हौदाला दिलं, हौदाने खदानीला दिलं. मूर्ती जशी होती तशीच आहे, फक्त तिला आता सोंड नाही.

असं का होतं, याला भक्ती कारण नाही आणि प्रशासनही नाही. साधा पाण्याचा हिशेब आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नावाचा दगड भाजून केलेली भुकटी. तिच्यात पाणी कालवलं की ती साच्यात घट्ट होते, म्हणजे पुन्हा जिप्समच होते. कारखान्यातून आपल्या घरी येतो तो दगडच, सुबक आकाराचा. आणि जिप्सम पाण्यात किती विरघळतं? लिटरला दोन, फार तर अडीच ग्रॅम. आता घरातली तीन किलोची मूर्ती घ्या. ती पूर्ण विरघळायला बाराशे ते दीड हजार लिटर पाणी हवं, तेही नीट ढवळलेलं. ज्या घरी नळाचं पाणी मोजून भरतात त्या घरात अंगणात दोनशे लिटरचा ड्रम ठेवून पर्यावरणपूरक विसर्जन चालतं. त्या ड्रममध्ये जास्तीत जास्त अर्धा किलो बाप्पा विरघळेल. उरलेले अडीच किलो दसऱ्यापर्यंत तळाशी बसून राहतील.

यावर उपाय नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तो काढला आणि पुणे महापालिकेने त्याची पाकिटं लोकांना फुकट वाटली. अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले बिस्किटात घालतात तो पदार्थ. तो पाण्यात टाकला की जिप्समचा खडू होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. ते काय असतं हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, त्याने त्याची पोती वाहिली आहेत. बायकार्बोनेट किती घालायचं? जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतकं. तीन किलोला तीन किलो. चमचाभर टाकून फेस आला की आपण जिंकलो, असं समजणारे इथेच फसतात. फेस थांबला आणि तळाचा तुकडा नखाने खरवडला जात नसेल, तर पूड कमी पडली किंवा वेळ कमी दिला. दिवसातून चार-सहा वेळा हलवायचं आणि दोन दिवस धीर धरायचा. रंग मात्र तसाच राहतो, तो गाळून वेगळा काढावा लागतो. आणि हे सगळं अंगणात करायचं, बाथरूममध्ये नाही. अमोनियाचा वास असा सुटतो की शेजारचे आरती सोडून विचारायला येतात, “काय जाळून राहिले बाप्पा?”

मग शाडू घ्या ना, असं तुम्ही म्हणाल. घ्याच. पण शाडू आपल्या मातीत नाही, ती बरीचशी गुजरातेतून येते. आपली काळी कसदार माती कपाशीला उत्तम आणि मूर्तीला अवघड. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री बाप्पाच्या पोटाला भेग. जुने कारागीर त्यात कापूस किंवा कागदाचा लगदा मळून घालतात, म्हणजे तंतू मातीला धरून ठेवतात. कापूस आपल्याकडे कमी नाही. तरीही बोट टेकवाल तिथे ठसा उमटेल, रंग गुळगुळीत बसणार नाही आणि बारा फुटी राजा तर होणारच नाही. ते ठीकच आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, याच वऱ्हाडात मातीच्या भुलाबाई बसतात. त्या गुळगुळीत नाहीत म्हणून आजवर कोणत्याही पोरीने गाणी म्हणायची थांबवलेली नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्येच पीओपी नको म्हणून सांगितलं. 2025 साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात बरंच फिरलं आणि जुलैअखेर असं ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम हौदातच बुडवायच्या. त्याहून उंच असेल तर तिला हौद पुरत नाही, म्हणून तलाव किंवा नदी. म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या फूटभर मूर्तीने प्रदूषण होतं आणि चौकातल्या राजाने होत नाही. यापुढे उंची वाढवणं हाच पर्यावरणाचा परवाना समजायचा.

एका मंडळाच्या दादांना मी म्हटलं, “अहो, उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या आणि मूर्ती जागची हलवली की देव गेला. तुम्ही नेता ती माती. मग डीजे कोणासाठी?”

“तुमच्यासाठी,” दादा म्हणाले. “देव गेला ना, मग तुम्ही तरी ऐका.”

याला उत्तर नव्हतं. कानात कापूस होता म्हणून बरं. तोही वऱ्हाडीच.

तरी आपल्याच भागात वेगळा नमुना आहे. खामगावात मिरवणुकीच्या अग्रभागी मानाचा लाकडी गणपती असतो. वाजतगाजत निघतो, आणि त्याला बुडवत नाहीत. मोठी मूर्ती कायम ठेवायची आणि पूजेची छोटी मातीची विसर्जित करायची, एवढी साधी गोष्ट आहे. अकोल्याला बाराभाईचा गणपती पुढे गेल्याशिवाय बाकीचे हलत नाहीत. मान कोणाचा हे तिथे उंचीवरून ठरत नाही, आणि कोणाला त्याचं दुःखही झालेलं ऐकिवात नाही. आमच्याकडे मात्र मागच्या गल्लीचा अकरा फूट झाला की आमचा बारा होतो. त्याच्या मागे कसलंही व्रत नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी मूर्ती घ्यायला गेलात की एवढंच करा. मूर्ती उलटी करून बुडाला, जिथे रंग नसतो तिथे, ओलं बोट घासा. बोटाला चिकट गाळ आला तर माती. पाणी नुसतं शोषलं गेलं आणि बोट पांढरट कोरडं राहिलं तर प्लास्टर, मग पाटीवर “शंभर टक्के शाडू” कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो. विकणारा “काकू, देवाला उलटं करू नका” म्हणून रागावला, तर बोट ओलं करायचीही गरज नाही. पुढच्या दुकानात जा.